कर्ता कोण?

माझी भाची नर्स आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तिनं जीएनएम केलं, पुण्यात सहा वर्षं अतिदक्षता विभागात काढली, आणि नवऱ्याची बदली बंगळुरूला झाली तेव्हा इथल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात अर्ज केला. मुलाखत झाली, नेमणूकपत्र आलं. रुजू व्हायची तारीख होती 1 जुलै. पत्राच्या तळाशी एक अट होती: कागदपत्रांची पडताळणी समाधानकारक होणं आणि या राज्यात नोंदणी होणं, या दोन्हींवर नेमणूक अवलंबून राहील. अशा अटी आपण सगळेच वाचतो तशी तिनंही ती वाचली, म्हणजे वाचली नाही. पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा देऊन ती जूनच्या पहिल्या आठवड्यात सामानासकट इकडे आली.

9 जूनला रुग्णालयाच्या एचआर विभागाची मेल आली. इंग्रजीतली तीन वाक्यं. पडताळणीचं काम प्रगतिपथावर आहे. काही बाबी प्रलंबित आहेत. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली जाऊ शकते.

ती माझ्याकडे आली. मी अनुवादाचं काम करते, म्हणजे घरातल्या सगळ्यांची इंग्रजी पत्रं लिहून देणं हे माझ्याकडे वंशपरंपरेनं आल्यासारखं आहे. "मावशी, जरा चांगलं पत्र लिहून दे," ती म्हणाली. मी लिहिलं. दीड पानाचं. तिचा अनुभव, तिनं दिलेला राजीनामा, घरभाडं, रुग्णालयाच्या लौकिकावरचा विश्वास, सगळं त्यात होतं. भाषा उत्तम होती, हे आजही म्हणेन. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे, पडताळणीचं काम प्रगतिपथावर आहे.

त्या उत्तराकडे बघत बसले तेव्हा मला माझीच चूक दिसली. आमच्या धंद्यात कर्मणी प्रयोगाचं वाक्य आलं की पहिला प्रश्न पडतो तो कर्ता कोण हा. सरकारी मराठीतलं 'कार्यवाही करण्यात येत आहे' दुसऱ्या भाषेत नेताना हमखास अडतं, कारण कार्यवाही कोण करतंय हे त्या वाक्याला सांगायचंच नसतं. एचआरच्या तिन्ही वाक्यांना कर्ता नव्हता. काय प्रलंबित आहे, आणि मुख्य म्हणजे कोणाकडे, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी फक्त आर्जव केलं होतं.

म्हणून आम्ही दोघींनी आधी कागद घेतला आणि रुजू होण्याआधी कोणकोणत्या टेबलांवर काय काय व्हायला हवं ते लिहून काढलं. ती टेबलं तीन निघाली. पहिलं रुग्णालयाचं स्वतःचं: तिनं दिलेल्या कागदांच्या प्रती एकमेकींशी जुळतात का, हे तिथे बघतात. दुसरं पडताळणी करणाऱ्या एजन्सीचं. रुग्णालय स्वतः चौकशी करत नाही, ते काम बाहेर देतं. ती एजन्सी तिच्या नर्सिंग शाळेला, परीक्षा घेणाऱ्या मंडळाला, मूळ राज्याच्या नर्सिंग कौन्सिलला आणि पुण्यातल्या रुग्णालयाला वेगवेगळं विचारते की हा कागद तुम्हीच दिला का. तिसरं टेबल इथल्या राज्याच्या कौन्सिलचं. आपल्याकडे नर्सची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे असते. दुसऱ्या राज्यात काम करायचं तर तिथल्या नोंदवहीत नाव यावं लागतं, आणि त्यासाठी पहिल्या राज्याच्या कौन्सिलनं 'ही आमच्याकडे नोंदलेली आहे, आमची हरकत नाही' असं कळवावं लागतं. 'प्रगतिपथावर' हा एकच शब्द या तिन्ही टेबलांवरून फिरत होता.

13 जूनला दुसरं पत्र गेलं. ते सात ओळींचं होतं. मराठीत सांगायचं तर असं:

"माझा अर्ज क्रमांक अमुक, रुजू होण्याची तारीख 1 जुलै. कृपया तीन गोष्टी कळवाव्यात. एक, माझ्या कागदपत्रांत आपल्याला काही विसंगती आढळली असल्यास कोणत्या दोन कागदांत आणि कोणती. दोन, पडताळणीसाठी कोणकोणत्या संस्थांना विचारणा गेली, कोणत्या तारखेला, आणि कोणाचं उत्तर आलेलं नाही. तीन, राज्याच्या नोंदणीची पावती पुरेशी आहे की प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय मला रुजू करून घेता येणार नाही. पहिल्या आणि तिसऱ्या बाबतीत मी काय करायचं ते मी लगेच करीन. दुसऱ्या बाबतीत संबंधित संस्थेला फोन करून आपल्या पत्राकडे लक्ष वेधू शकेन."

या पत्राला तीन दिवसांनी उत्तर आलं, आणि त्यात पहिल्यांदाच नामं होती. विसंगती: नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव. उत्तर न आलेली संस्था: नर्सिंगची शाळा, दोन स्मरणपत्रं पाठवून झाली. नोंदणी: प्रमाणपत्र लागेल, पावती चालणार नाही.

पहिली अडचण आमच्या मराठी नावांची होती. दहावीच्या गुणपत्रिकेवर तिचं नाव आडनावानं सुरू होतं, मग तिचं स्वतःचं, मग वडिलांचं. पदविका आणि कौन्सिलची नोंदणी त्याच वळणाची, कारण ती त्या गुणपत्रिकेवरूनच होते. लग्नानंतर आधारवर आलं तिचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग नवऱ्याचं आडनाव. पुण्याच्या अनुभवपत्रात मधलं नाव गळालं, आडनाव नवं. म्हणजे पाच कागदांवर तीन नावं, आणि सगळीकडे सारखा असलेला शब्द एकच, तिचं पहिलं नाव, तोही कधी पहिला तर कधी दुसरा. महाराष्ट्रात कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. बंगळुरूत एचआरमधल्या बाई तामिळनाडूच्या होत्या. मी फोनवर त्यांना समजावू लागले तर हसून म्हणाल्या, "मला समजतंय. माझं आडनावच नाही. वडिलांचं नाव मी आडनाव म्हणून लिहिते, आणि बँकेनं दोनदा खातं अडवलंय." पण त्यांना समजून उपयोग नव्हता. त्यांच्या फाइलला समजायला हवं होतं, आणि त्यासाठी माहेरचं नाव आणि सासरचं नाव या दोन्ही टोकांना धरणारा एक कागद लागणार होता. असा कागद म्हणजे लग्नाचा दाखला.

तो होता. ग्रामपंचायतीनं दिलेला, शिक्क्यासह, पूर्ण मराठीत. त्याचा इंग्रजी अनुवाद हवा होता, आणि घरात अनुवादक होती. तासाभराचं काम. निम्म्यावर आले आणि थांबले. वधूच्या वडिलांच्या नावाच्या रकान्यात ग्रामसेवकानं 'ज्ञानोबा' लिहिलं होतं.

पदविकेवर, नोंदणीवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या दाजींचं नाव ज्ञानेश्वर आहे. गावात त्यांना ज्ञानेश्वर म्हणणारं कुणी नाही. ग्रामसेवकानं कानावर पडलेलं नाव लिहिलं, आणि लग्नाच्या गडबडीत कुणी वाचून पाहिलं नाही. आळंदीच्या वाटेवर चालणाऱ्या कुणालाही ही दोन नावं वेगळी आहेत असं वाटणार नाही. पण जो कागद दोन नावं जोडायला आणला होता त्यानंच तिसरं नाव आणलं.

"मावशी," भाची म्हणाली, "इंग्रजीत ज्ञानेश्वरच लिही की. एकच तर माणूस."

हे सोपं होतं, हे मी नाकारत नाही. तीन अक्षरांचा फरक. शिवाय ती खोटं लिहायला सांगत नव्हती. माणूस खरोखर एकच होता, आणि मी त्याला तीस वर्षं ओळखते. कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादात मी याहून मोठी स्वातंत्र्यं घेतली आहेत. एकाच पात्राला मूळ लेखकानं दोन हाका मारल्या तर वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून मी एक ठेवली आहे. तेव्हा कुणाचं नुकसान झालं नाही.

इथे फरक काय, याचा विचार करताना मला एक हद्द सापडली. देवनागरीतलं 'ज्ञानेश्वर' रोमन लिपीत कसं लिहायचं हा अनुवादकाचा निर्णय आहे. मराठी माणूस ते 'द' आणि 'न' घालून लिहितो, हिंदीवाला 'ग' आणि 'य' घालून, कन्नडमध्ये 'ज' आणि 'न' दिसतील. यातलं जे स्पेलिंग आधीच तिच्या पदविकेवर आहे तेच घेणं रास्त आहे; ती एकाच शब्दाची रूपं आहेत, आणि अनुवादाखाली तसं लिहिता येतं. पण कागदावर 'ज्ञानोबा' असताना 'ज्ञानेश्वर' लिहिणं म्हणजे कागद बदलणं. आणि अनुवादाखाली मी सही करते ती 'मूळ मजकुराशी प्रामाणिक' या शब्दांखाली.

तत्त्व बाजूला ठेवलं तरी व्यवहार तेच सांगत होता. या सगळ्या पडताळणीचा गाभाच असा की उमेदवारानं दाखवलेल्या प्रतीवर विश्वास ठेवायचा नाही, ज्यानं कागद दिला त्याला विचारायचं. ज्या रुग्णालयांना जॉइंट कमिशन इंटरनॅशनलची मान्यता हवी असते त्यांना हे मुळाशी जाऊन विचारणं बंधनकारक असतं. उद्या कुणी तो मराठी दाखला मराठी वाचणाऱ्यापुढे ठेवला असता तर ग्रामसेवकाची साधी चूक उमेदवाराची लबाडी ठरली असती. नावातली विसंगती खुलाशानं मिटते. कागदात फेरफार केल्याचा शेरा एकदा एजन्सीच्या अहवालात आला की तो पुढच्या प्रत्येक नोकरीत बरोबर येतो.

मी 'ज्ञानोबा' असंच लिहिलं. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

दाजींना फोन केला. "मी ज्ञानोबा हाय का ज्ञानेश्वर, हे बंगळूरला कोण इचारतंय?" ते म्हणाले. मग मात्र कामाला लागले. त्यांच्या आधारवर ज्ञानेश्वर निघालं, आणि सातबारावर ज्ञानोबा. हे आमचं नशीब, कारण दोन्ही नावांना सरकारी आधार मिळाला. लग्नाच्या दाखल्यातली दुरुस्ती हा लांबचा रस्ता होता; आम्ही प्रतिज्ञापत्र केलं. त्यात 'ही दोन्ही नावं माझीच आहेत' एवढं मोघम लिहून भागत नाही. कोणत्या कागदावर, कोणत्या क्रमांकाच्या, कोणतं नाव आहे हे एकेक लिहावं लागतं, आणि ते कागद मागे जोडावे लागतात. वाचणाऱ्याला प्रतिज्ञेवर विश्वास ठेवायची गरज पडू नये, नुसतं ताडून पाहता यावं. नोटरीपुढे दाजींनी सवयीनं 'ज्ञानोबा' अशी सही केली. नोटरीनं त्यांच्याकडून खाली दुसरीही करून घेतली.

आता शाळा. भाचीनं फोन केला तर तिथल्या क्लार्कनी सांगितलं, आम्हाला कुणाचं काही आलेलं नाही. ते खोटं बोलत नव्हते. एजन्सीची मेल परक्या पत्त्यावरून आली होती, आत 'इथे क्लिक करून उत्तर द्या' अशी लिंक होती, आणि अशा लिंकवर बोट ठेवायचं नाही हे कुणीतरी त्यांना बजावलेलं होतं. दोन्ही स्मरणपत्रं नको असलेल्या मेलांच्या खणात पडून होती.

भाचीला वाटलं, क्लार्ककडून शिक्क्याचं पत्र घेऊन आपणच रुग्णालयाला द्यावं. ते चाललं नसतं. तिच्या हातून आलेला कागद हा शाळेकडून आलेला कागद नव्हे, मग तो कितीही खरा असो. क्लार्कचा खासगी मेलपत्ता तिनं एजन्सीला कळवला असता तर तेही चाललं नसतं. उमेदवारानं दिलेल्या पत्त्यावर विचारलेला प्रश्न म्हणजे उमेदवारालाच विचारलेला प्रश्न. तिला करता येण्यासारखं फक्त एवढंच होतं की दोन्ही बाजूंना एकमेकींकडे बघायला लावायचं. तिनं एचआरला लिहिलं की एजन्सीनं संदर्भ क्रमांक घालून शाळेच्या अधिकृत पत्त्यावर पुन्हा विचारावं आणि शाळेच्या प्रसिद्ध असलेल्या कार्यालयीन फोनवर फोन करावा. आणि क्लार्कना सांगितलं की या संदर्भ क्रमांकाची मेल येईल. लिंक नको असेल तर शाळेच्या लेटरहेडवर लिहून शाळेच्याच मेलवरून उत्तर द्या. 27 जूनला शाळेचं उत्तर गेलं.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. 2023 च्या जानेवारीत अमेरिकेत फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांमधून 7,600 हून अधिक खोट्या पदविका विकल्या गेल्याचं उघड झालं. तिथे पदविका विकणारे शाळेतलेच होते. अशा वेळी शाळेला विचारलं तर उत्तर 'हो, आमचीच' असंच येणार. म्हणून एकट्या शाळेला विचारून थांबत नाहीत. परीक्षा मंडळ, कौन्सिल, जुनं रुग्णालय, सगळ्यांची उत्तरं एकमेकांशी लावून बघतात. मला हे कळल्यावर एचआरवरचा माझा राग बराच उतरला. अतिदक्षता विभागातल्या खाटेवर माझी बहीण असती तर मलाही चारही उत्तरं हवी असती.

उरलं तिसरं टेबल. इथे तिची धांदल होणार होती, ती एका जुन्या मैत्रिणीच्या सल्ल्यानं टळली. भाचीचा बेत असा होता की माहेरच्या नावानं नोंदणी आधी इकडे आणायची आणि नाव नंतर सवडीनं बदलायचं. मैत्रीण म्हणाली, क्रम उलटा कर. आधी मूळ कौन्सिलच्या नोंदवहीत नाव बदल, मगच ना हरकत माग. नाहीतर तिथल्या नोंदवहीत एक नाव आणि इथल्या नोंदवहीत दुसरं राहील, आणि पाच वर्षांनी तू परदेशी अर्ज करशील तेव्हा हेच सगळं पुन्हा, या वेळी दोन राज्यांत. या क्रमानं तीन आठवडे जास्त लागले. लग्नाचा दाखला, माझा अनुवाद आणि दाजींचं दोन सह्यांचं प्रतिज्ञापत्र मूळ कौन्सिलकडे गेलं. 18 जुलैला नाव बदललं.

मधल्या काळात, 28 जूनला, एचआरमधून वेगळाच फोन आला. वॉर्डात माणसं कमी आहेत, 1 तारखेला रुजू हो, नोंदणी येईपर्यंत गणवेश घालून काम शिकत राहा. भाचीला मोह झाला. पगार सुरू झाला असता, घरभाडं होतंच. मी तिला एवढंच विचारलं की रात्रपाळीला दुसरी नर्स जेवायला गेली आणि पेशंटच्या पंपाचा अलार्म वाजला, तर तू हात लावणार की नाही? ती काहीच बोलली नाही. सहा वर्षं अतिदक्षता विभागात काम केलेली बाई हात लावल्याशिवाय राहूच शकत नाही. आणि हात लावला, काही चुकलं, की पहिला प्रश्न येणार तो तिच्या या राज्यातल्या नोंदणी क्रमांकाचा.

आम्ही शेवटचं पत्र लिहिलं. नकार दिला नाही. विचारलं: नोंदणीपूर्वीच्या काळात माझं पद कोणतं असेल, मी कोणती कामं करायची आणि कोणती करायची नाहीत, आणि माझ्या कामाची जबाबदारी कोणाच्या नावावर असेल, हे लेखी कळवावं. म्हणजे पुन्हा तेच, कर्ता कोण? दोन दिवसांनी लेखी उत्तर आलं. रुजू होण्याची तारीख 4 ऑगस्ट करण्यात आली आहे. बाकी प्रश्नांना उत्तर नव्हतं.

1 ऑगस्टला इथल्या नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं आणि 4 तारखेला ती कामावर गेली. पाच आठवडे उशिरा, तेवढा पगार बुडवून. नऊ जूनला पहिलंच पत्र सात ओळींचं लिहिलं असतं तर यातला एखादा आठवडा वाचला असता. सगळे वाचले नसते. नेमणूकपत्र हाती आलं त्याच दिवशी, राजीनामा देण्याआधी, तिन्ही टेबलं मोजली असती तर वाचले असते. ती आता हे नव्यानं येणाऱ्या मुलींना सांगते. त्यातल्या बऱ्याच केरळच्या, मणिपूरच्या, झारखंडच्या असतात, आणि प्रत्येकीच्या नावाची तऱ्हा वेगळी.

त्या संध्याकाळी दाजींचा फोन आला. लागली का कामाला, विचारलं. लागली, मी सांगितलं. "कुठल्या नावानं?"

सासरच्या, मी म्हणाले. पलीकडे जरा शांतता पसरली. मग म्हणाले, "मंग माझ्या दोन सह्या कशापायी घेतल्या?"